अरबी निकालाचं इंग्रजी भाषांतर उलटं करून तपासायचं म्हणतायत. उपयोग होतो का?

अर्धवकील
मंडळी, इथे आखातात काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारतो.

आमच्या ऑफिसकडे एक दरखास्त आली आहे. दुबईच्या कोर्टाचा पैशांचा हुकूमनामा आहे आणि तो वसुलीसाठी पुण्यात दाखल झालाय. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने अमिरातीबद्दल अधिसूचना काढली, तेव्हापासून तिथला हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली थेट आपल्या जिल्हा न्यायालयात बजावता येतो. त्यामुळे असे कागद आता आमच्यासारख्यांकडेही येतात. मूळ निकाल अरबीत, आणि सोबत समोरच्या बँकेने जोडलेलं शिक्क्याचं इंग्रजी भाषांतर.

प्रतिवादी तीन आहेत: एक कंपनी, तिचा मॅनेजर आणि मॅनेजरचा मेव्हणा. आम्ही दाजी-मेव्हण्यातर्फे आहोत. इंग्रजी वाचून डोकं चक्रावतं. आदेशात म्हटलंय की 'डिफेंडंट्स'नी 'इन सॉलिडॅरिटी' रक्कम द्यावी. मेव्हण्याला तर 'स्पॉन्सर इन सॉलिडॅरिटी' म्हटलंय. तो बिचारा म्हणतो, "मी कुणाचा व्हिसा काढला नाही, बँकेत सही तेवढी केली."

आमचे सीनियर म्हणतात, हे इंग्रजी तिसऱ्याच माणसाला दे, त्याच्याकडून परत अरबीत करून घे आणि मुळाशी ताडून बघ. जुळलं तर भाषांतर बरोबर. ही चाचणी खरंच चालते का? मला अरबीचं अक्षरही येत नाही. सीनियरनाही येत नाही.

प्रश्नावली
चालते म्हणजे काय, पद्धतच आहे ती. मी औषधांच्या चाचण्यांमध्ये काम करते. रुग्णाच्या संमतीपत्राचं मराठी करून घेतो, मग दुसऱ्या व्यक्तीकडून त्याचं परत इंग्रजी. ती दुसरी व्यक्ती मूळ कागद बघत नाही. दोन इंग्रजी मजकूर शेजारी ठेवायचे आणि फरक दिसेल तिथे मराठी दुरुस्त करायचं. आमच्याकडच्या एथिक्स कमिट्या हे मागतातच. मुळात ही पद्धत रुजली ती रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखापासून, म्हणजे आजकालचं फॅड नाही. बिनधास्त करून घ्या.

तिरकस
म्हणजे पापड दोन्ही बाजूंनी भाजायचा. जळला असेल तर दोन्हीकडून जळेल.

दुबईकर_नाना
मी २२ वर्षं शारजात होतो. लग्नाचा दाखला मराठीतून इंग्रजी, तिथून अरबी, मग मंत्रालयाचा शिक्का, मग वकिलातीचा शिक्का असं सगळं केलंय. तुम्ही आधी अटेस्टेशन झालंय का ते बघा. शिक्का असेल तर कुणी काही विचारत नाही.

अर्धवकील
नाना, शिक्का आहे. शिक्क्याखाली काय लिहिलंय ती अडचण आहे. :)

रेवती_म
प्रश्नावली, तुमच्या कामात ही पद्धत का चालते ते बघा. तुमच्या डॉक्टरांना इंग्रजी येतं, मराठी येत नाही. भाषांतर त्यांना वाचता येत नाही, म्हणून ते उलटं करून त्यांच्या भाषेत आणायचं. इथे सगळं उलटं आहे. भाषांतर इंग्रजीत आहे आणि ते वकीलसाहेबांना नीट वाचता येतंय. जे वाचता येत नाही ते मूळ आहे. उलटा अनुवाद करून त्यांच्या हातात काय येणार? आणखी एक अरबी कागद. आधी एक न समजणारा होता, आता दोन होतील. ताडून बघायला शेवटी दोन्ही भाषा येणारा माणूस लागणारच. मग त्यालाच मूळ अरबी आणि इंग्रजी शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचायला का सांगू नये?

मी जर्मनमधून करते. आमच्या व्यवसायाचं आयएसओ १७१०० हे मानक आहे. त्यात दुसऱ्या व्यक्तीने मूळ आणि भाषांतर समोरासमोर ठेवून तपासणं सक्तीचं आहे. उलटा अनुवाद सक्तीचा नाही.

आणि ब्रिस्लिनचं नाव निघालंच आहे तर, त्याच लेखात त्यांनी इशाराही दिलाय की उलटं करणारा हुशार असेल तर भिकार भाषांतरातूनही तो बरोबर मूळ काढू शकतो.

प्रश्नावली
तो मुद्दा मान्य. पण तपासणारा माणूसही भाषांतर वाचता वाचता त्याच चुकीच्या वाटेने जातो. उलटं करणाऱ्याला मूळ माहीत नसतं, म्हणून त्याची नजर कोरी असते. हा फायदा तुमच्या समोरासमोर वाचण्यात नाही.

खाडीकाठ
धागा आज दिसला. मूळचा दापोलीचा. दुबईत कोर्टाच्या कागदांचं अरबी-इंग्रजी करण्यात नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा 'स्पॉन्सर'. मूळ अरबीत तिथे 'कफील मुतदामिन' असणार, पैज लावतो. आखातात राहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाला कफील ठाऊक आहे: ज्याच्या नावावर आपला व्हिसा असतो तो. पण बँकेच्या कागदात कफील म्हणजे सरळ जामीनदार. कर्जदाराने नाही दिलं तर मी देईन, असं लिहून देणारा. शब्द एकच, माणसं दोन. भाषांतरकाराने व्हिसावाला उचलला.

'मुतदामिन' हे तदामुनवरून आलं. वर्तमानपत्रात तदामुन म्हणजे एकजूट, म्हणून इंग्रजीत सॉलिडॅरिटी झाली. कोर्टाच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ असा की बँक पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाही एकाकडून वसूल करू शकते. आपल्या निकालांत 'संयुक्तपणे व स्वतंत्रपणे' लिहितात ते हे. इंग्रजीत 'जॉइंटली अँड सेव्हरली' हवं होतं.

आता तुमच्या सीनियरची चाचणी या दोन शब्दांवर लावून बघा. 'स्पॉन्सर इन सॉलिडॅरिटी' हे कुठल्याही अरबी माणसाला द्या. तो स्पॉन्सरचं काय करेल? कफील. सॉलिडॅरिटीचं? तदामुन. परत 'कफील मुतदामिन' हजर, मुळाशी अक्षर न् अक्षर जुळलेलं. भाषांतर साफ चुकलंय आणि चाचणीत पैकीच्या पैकी गुण.

हे योगायोगाने होत नाही. शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर उलटं करताना त्याच वाटेने परत येतं. त्यामुळे ही चाचणी वाईट भाषांतराला पास करते. आणि एखाद्याने चांगलं इंग्रजी केलं असेल, तर नेमकं तेच उलटं होताना वेगळं दिसतं.

तिरकस
म्हणजे कॉपी करून पास होणाऱ्याला शाबासकी आणि स्वतःच्या शब्दात लिहिणाऱ्याला भोपळा. आमच्या शाळेत हीच पद्धत होती.

कोर्टातला_कोपरा
खाडीकाठ, चांगलं भाषांतर नापास होतं त्याचंही एक उदाहरण द्या ना. मी कोल्हापूरला दिवाणी बघतो. हे कोर्टासमोर मांडायचं तर दोन्ही बाजू लागतील.

खाडीकाठ
देतो. बांधकामाच्या करारात 'शर्त जझाई' नावाचं कलम असतं. काम उशिरा झालं तर दिवसाला अमुक दिरहम. शब्दशः दंडाची अट. अमिरातीच्या १९८५ च्या दिवाणी कायद्याचं कलम ३९० घ्या. पक्षकारांनी नुकसानभरपाई आधीच ठरवली तरी कुणी एकाने अर्ज केला की न्यायाधीश ती प्रत्यक्ष नुकसानीइतकी करू शकतो, आणि हा अधिकार करारात काढून टाकता येत नाही. म्हणजे नाव दंडाचं असलं तरी काम ठरवून ठेवलेल्या भरपाईचं.

एकाने इंग्रजीत 'पेनल्टी क्लॉज' लिहिलं. उलटं केलं की नेमकं 'शर्त जझाई' परत मिळतं. दुसऱ्याने विचार करून 'लिक्विडेटेड डॅमेजेस' लिहिलं. ते उलटं केलं की 'ठरलेली भरपाई' अशा अर्थाचे वेगळेच अरबी शब्द येतात आणि ताडणारा लाल शाई काढतो. वास्तविक इंग्लंडच्या वकिलाला 'पेनल्टी' वाचून हे कलम लागूच होणार नाही असं वाटू शकतं.

कोर्टातला_कोपरा
आपल्याकडे एवढं बिघडणार नाही. करार कायद्याच्या कलम ७४ मध्ये दंड म्हणा की ठरलेली भरपाई म्हणा, कोर्ट वाजवी तेवढंच देतं. पण लंडनमध्ये लवाद असेल तर तुमचं म्हणणं बरोबर. जामीनदाराच्या बाबतीत मात्र आपल्याकडेही फरक पडतो. 'स्पॉन्सर' वाचून इथला न्यायाधीश काय समजेल, सांगता येत नाही.

रेवती_म
खाडीकाठ, मी 'लिक्विडेटेड डॅमेजेस'ही आंधळेपणाने लिहिणार नाही. त्या शब्दामुळे इंग्रज वकील समजेल की आकडा पक्का आहे, न्यायाधीश हात लावणार नाही. तुमचं कलम ३९० तर म्हणतं की हात लावता येतो. मी 'अग्रीड कॉम्पेन्सेशन' असं काहीतरी साधं लिहीन आणि खाली टीप देईन.

खाडीकाठ
यावर आमच्या ऑफिसात कायम वाद व्हायचे. टीप द्यायला माझी हरकत नाही, पण करारात टीप घातलेली पक्षकारांना आवडत नाही. हा वाद तुम्ही जिंकलात असं समजा, मी मात्र तसं लिहिलं नसतं.

सोनचाफा
अवांतर: माझ्या भावाने कतारहून अरबी बिल पाठवलं होतं. त्यात पहिला आकडा आपल्या शून्यासारखा गोल आणि पुढे नुसते ठिपके. मला वाटलं कोरं बिल आहे. तो गोल म्हणजे त्यांचा पाच आणि ठिपका म्हणजे शून्य! पन्नास हजार होते.

तिरकस
मराठी माणसाला अरबी बिल दिलं की कर्ज आपोआप माफ.

खाडीकाठ
सोनचाफा, फार अवांतर नाही ते. आकडा चुकला असेल तर उलट्या अनुवादात तो हमखास पकडला जातो, कारण आकड्याला पर्यायी शब्द नसतो. गाळलेली ओळही पकडली जाते. निकालाच्या शेवटी ठरलेलं वाक्य असतं, 'याखेरीजच्या बाकी मागण्या फेटाळल्या'. घाईत ते गळतं. इंग्रजीत नसेल तर परतीच्या अरबीतही येत नाही आणि ताडणाऱ्याला रिकामी जागा दिसते. 'नाही' राहून गेलं, वादीच्या जागी प्रतिवादी झाला, तेही दिसतं. म्हणून मी चाचणीला टाकाऊ म्हणत नाही. ती हिशेबाच्या चुका पकडते, कायद्याच्या चुका पकडत नाही.

अर्धवकील
खूप मदत झाली. सीनियरना धागा दाखवला, त्यांना 'कफील' पटलं. पण ते म्हणाले, "हिशेबाच्या तरी चुका बघू." अख्ख्या निकालाचा खर्च पक्षकाराला झेपणार नाही. काय पाठवू?

खाडीकाठ
अख्खा पाठवूच नका. निकालात घटना असतात, मग कारणं, आणि शेवटी 'मंतूक', म्हणजे कोर्टाचा प्रत्यक्ष आदेश. बजावणी मंतूकाची होते. तेवढा परिच्छेद आणि त्याआधीची शेवटची काही कारणं, एवढंच पुरे.

दोन पथ्यं पाळा. उलटं करणाऱ्याला मूळ दाखवू नका, आणि तो कोर्टाचे निकाल रोज करणारा नसला तर बरं. रोज करणाऱ्याला ही वाक्यं पाठ असतात. इंग्रजी कसंही असलं तरी त्याचा हात ठरलेलं अरबी वाक्य लिहून मोकळा होतो आणि चूक झाकली जाते. साधं चांगलं अरबी येणारा माणूस, समोर जे आहे तेच लिहील असा. ताडण्याचं काम मात्र तिसऱ्याने करायचं.

आणि फरक दिसला की लगेच इंग्रजी चुकलं म्हणू नका. फरक म्हणजे फक्त खूण. तिथे बोट ठेवून मूळ आणि इंग्रजी वाचायचं, परतीचा कागद बाजूला ठेवायचा.

प्रश्नावली
हे शेवटचं आमच्याकडेही शिकवतात आणि कुणी पाळत नाही.

दुबईकर_नाना
कफील म्हणजे जामीनदार हे पटलं नाही. २२ वर्षांत आम्ही कफील म्हणजे अरबाब, आपला मालक, असंच ऐकलं.

खाडीकाठ
नाना, तुम्ही ऐकलंत ते बरोबरच आहे. तुम्हाला तिथे बँकेचं कर्ज लागलं नाही हे तुमचं नशीब.

अर्धवकील
मंडळी, निकाल लागला. म्हणजे चाचणीचा.

एका कॉलेजात अरबी शिकवणाऱ्या सरांनी इंग्रजी परिच्छेद अरबीत केला. मूळ त्यांना दाखवलं नव्हतं. ताडण्यासाठी ओळखीतून एक गृहस्थ मिळाले, मस्कतच्या एका कंपनीत पत्रव्यवहार बघणारे. 'कफील मुतदामिन' अगदी खाडीकाठ म्हणाले तसंच परत आलं, टिकमार्कसकट. रक्कम जुळली, सालाना ५ टक्के व्याजही जुळलं.

पण एका ठिकाणी त्यांनी लाल गोल केला. सरांच्या अरबीत प्रतिवादींसाठी शेवटी 'अलैहिम' आहे. मुळात 'अलैहिमा' आहे. फरक एका अलिफचा. ते गृहस्थ म्हणाले, हे द्विवचन आहे. आपल्या शाळेतल्या संस्कृतसारखं अरबीतही दोघांसाठी वेगळं रूप असतं. मूळ आदेश *दोन* प्रतिवादींविरुद्ध आहे. इंग्रजीत द्विवचन नाही, भाषांतरकाराने 'डिफेंडंट्स' लिहून टाकलं, आणि कागदावर प्रतिवादी तीन असल्यामुळे सरांनी अनेकवचन केलं.

बँकेने दरखास्त तिघांविरुद्ध लावली आहे. जप्तीच्या यादीत पुण्यातला फ्लॅट आहे आणि तो मॅनेजरच्या नावावर आहे.

सोनचाफा
अंगावर काटा आला. एका अलिफावर फ्लॅट!

प्रश्नावली
बघा! कोरी नजर कामाला आली.

रेवती_म
आली, नाकारत नाही. पण अरबी येणाऱ्या कुणीही मूळ आणि इंग्रजी शेजारी ठेवून वाचलं असतं तर पहिल्याच ओळीत हे दिसलं असतं. आणि कफील तर त्याच गृहस्थांच्या नजरेखालून टिकमार्क घेऊन गेला.

खाडीकाठ
दोघी बरोबर. अर्धवकील, आता मुख्य काम. दोन म्हणजे *कोणते* दोन? अशा आदेशात सहसा 'पहिली आणि तिसरा' असं पुढे लिहिलेलं असतं. तुमच्या मुळात नाहीये का? नसेल तर कारणांच्या भागात शोधा. मॅनेजरबद्दल 'ग़ैर ज़ी सिफ़ा' असे शब्द आहेत का बघा. म्हणजे त्याच्याविरुद्ध दावाच लागत नाही असं कोर्टाने म्हटलंय.

अर्धवकील
मुळात पुढे काही नाही, नुसतं द्विवचन. कारणांमध्ये ते शब्द आहेत. इंग्रजीत त्याचं 'नॉट अ कपॅसिटी होल्डर' केलंय. मी ते तीनदा वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो, कारण त्याचा काहीच अर्थ लागत नव्हता.

कोर्टातला_कोपरा
आता जपून. बजावणी करणारं कोर्ट निकालाच्या गुणदोषात जात नाही, कलम १३ चे अपवाद सोडून. "निकाल चुकीचा आहे" असं तुम्ही म्हणूच नका. म्हणा, "निकाल आमच्या पक्षकाराविरुद्ध नाहीच, भाषांतर चुकलंय." हा वेगळा मुद्दा आहे आणि पहिल्याच तारखेला घ्यायचा. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाचं नवं भाषांतर त्याच्या शपथपत्रासह जोडा. तो उलटा अनुवाद कोर्टात लावू नका. समोरचा वकील म्हणेल, बघा, तुमच्याच चाचणीत बाकी सगळं जुळलं.

अर्धवकील
हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि मेव्हणा?

खाडीकाठ
मेव्हण्याला तुमच्या नव्या भाषांतराने फायदा नाही, उलट 'स्पॉन्सर'चा धूर निघून जाईल आणि तो पूर्ण रकमेचा जामीनदार म्हणून स्पष्ट दिसेल. तिथल्या कायद्यात कलम १०९२ होतं: कर्ज देय झाल्यापासून सहा महिन्यांत धनकोने मागणी केली नाही तर जामीनदार सुटतो. तो मुद्दा तिथे मांडला होता का ते कारणांमध्ये बघा.

कोर्टातला_कोपरा
मांडला नसेल तर इथे उघडता येणार नाही. आणि आणखी एक: दाजी आणि मेव्हण्याचं हित आता एक राहिलेलं नाही. एकाला नवं भाषांतर हवंय, दुसऱ्याला जुनाच गोंधळ सोयीचा आहे. दोघांचं वकीलपत्र एकाच ऑफिसने ठेवावं का, हे सीनियरना आजच विचारा.

अर्धवकील
विचारलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि चहा मागवला.

रेवती_म
मला एक शंका आहे. द्विवचन आहे, पण नावं नाहीत. बँक म्हणेल की ते दोघे म्हणजे मॅनेजर आणि मेव्हणा, कंपनी तर बुडालीच आहे. भाषांतर कितीही अचूक केलं तरी ही संदिग्धता मुळातच आहे ना?

खाडीकाठ
आहे. आणि भाषांतरकाराने ती स्वतःच्या अकलेने सोडवू नये, 'द टू डिफेंडंट्स' एवढंच लिहावं. त्यापुढचा रस्ता दुबईतूनच जातो. आदेश संदिग्ध असेल तर ज्या कोर्टाने दिला त्याच्याकडेच अर्थ स्पष्ट करून मागता येतो, तसा अर्ज तिथल्या प्रक्रियेत आहे. तिथला वकील लागेल.

कोर्टातला_कोपरा
तोवर इथे दरखास्तीला स्थगिती मिळेलच असं नाही. मी तर आधी इथेच कारणांचा भाग वाचून दाखवायचा प्रयत्न करेन. न्यायाधीश हुकूमनामा निकालासोबत वाचतात.

खाडीकाठ
मी उलट क्रमाने गेलो असतो. पण कोर्ट तुमचं आहे.